दोन दशांश, दोन शतांश

पहाटे पावणेसहाचा सुमार होता. लहान मुलांच्या वॉर्डात त्या वेळी एक विशिष्ट शांतता असते, रात्रभर रडलेली बाळे थकून झोपलेली असतात आणि त्यांच्या आया खाटेच्या कडेला डोके टेकून बसल्या बसल्या पेंगत असतात. आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी, एवढ्यांवर तो अडतीस खाटांचा वॉर्ड रात्री चालत असे. माझी ती त्या आठवड्यातली पहिलीच नाईट होती, आणि हे आधीच सांगितले पाहिजे, कारण आदल्या पाच दिवसांत वॉर्डात काय चालले होते ते मला पाळी बदलताना ओव्हर घेतला तेव्हा ऐकलेले तेवढेच ठाऊक होते.

खाट नंबर अकरावर पाच महिन्यांचे एक बाळ होते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र होते आणि त्यामुळे हृदयावर ताण येऊन ते थकत चालले होते. अशी बाळे ओळखू येतात. दूध पिता पिता ती मध्येच थांबतात, धापा टाकतात, कपाळावर घामाचे थेंब जमतात, आणि पोट भरायच्या आधीच दमून झोपी जातात. म्हणून वजन वाढत नाही. हे बाळ पाच महिन्यांचे असूनही फाइलवर वजन लिहिले होते चार किलो. शस्त्रक्रिया करायची होती, पण त्याआधी त्याला थोडे बाळसे धरू द्यायचे होते. तोवर हृदयाला टेकू म्हणून त्याला डिगॉक्सिन सुरू केले होते, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, तोंडावाटे.

डिगॉक्सिन हे औषध हाताळताना आमच्या पिढीच्या परिचारिका जराशा दबकतच वागतात. ते डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या कुळातून आलेले आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्या झाडाच्या पानांच्या औषधी उपयोगावर सविस्तर लिहिले, तेव्हाच मात्रा जास्त झाली की उलट्या होतात आणि नाडी मंदावते, हेही त्याने नोंदवून ठेवले होते. गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. म्हणून हे औषध देण्याआधी पूर्ण एक मिनिट स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, अशी शिस्त आम्हाला शिकताना लागलेली असते. तान्ह्या बाळाचे ठोके शंभराच्या खाली असले, तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचे, असा आमच्या वॉर्डाचा नियम होता.

मी ठोके मोजले. एकशे अडतीस. मग ट्रीटमेंट शीट पाहिली. ती शीट नवी कोरी होती. जुनीवरचे रकाने भरले होते म्हणून रात्री दहाच्या राउंडनंतर रेसिडेंट डॉक्टरांनी सगळी औषधे नव्या कागदावर उतरवून काढली होती. अक्षर स्वच्छ होते, सही होती, वेळ होती. डिगॉक्सिनसमोर लिहिले होते, ०.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

बाटलीवर लिहिले होते, एका मिलिलिटरमध्ये ०.०५ मिलिग्रॅम. ०.२ ला ०.०५ ने भागले की उत्तर येते चार. मी मनात हिशेब केला, मग सवयीने कागदाच्या तुकड्यावर मांडूनही पाहिला. चार मिली. अशा औषधांचा हिशेब दुसरीने पडताळायचा असतो, म्हणून मी माझ्याबरोबरच्या धाकट्या सिस्टरला हाक मारली.

"अगं, डिगॉक्सिन पॉइंट टू आहे. मिलीला पॉइंट झिरो फाइव्ह. म्हणजे चार मिली, बरोबर ना?"

तिने शीट पाहिली, बाटली पाहिली, बोटांवर काहीतरी केले आणि म्हणाली, "हो सिस्टर, चार मिली."

इथवर हिशेबात आमचे कोणाचेच काही चुकले नव्हते. माझा भागाकार बरोबर होता, तिचाही बरोबर होता. ती पडताळणी मात्र कुचकामी होती, आणि ती कुचकामी करणारी मीच होते. उत्तर मी तिच्या हातात आयते ठेवले होते आणि तिने फक्त मान डोलवायची तेवढी बाकी होती. दुसरीने पडताळायचे म्हणजे तिने बाळाच्या वजनापासून, कोऱ्या कागदावर, माझे उत्तर न ऐकता हिशेब करायचा आणि मगच दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. हे मला माहीत होते. पहाटे पावणेसहाला, अजून चौदा बाळांची औषधे द्यायची राहिलेली असताना, माणूस माहीत असलेलेही आखडते घेतो.

बाळाची बाटली त्याची स्वतःची होती, तीस मिलीची, झाकणालाच ड्रॉपर असलेली. ड्रॉपरवर एक मिलीपर्यंतच्या खुणा होत्या. मी पहिला ड्रॉपर पूर्ण भरून छोट्या मापात सोडला. दुसऱ्यांदा भरायला घेतला, काचेची नळी दिव्यासमोर धरली आणि माझे लक्ष तिच्यावर चिकटवलेल्या एका पांढऱ्या पट्टीकडे गेले. दिवसपाळीच्या कोणा सिस्टरने स्टिकिंगची बारीक, धाग्याएवढी पट्टी नळीभोवती गुंडाळली होती. पट्टीची वरची कड बरोबर ०.४ च्या खुणेवर होती.

अशा पट्ट्या लावू नयेत असेच कोणीही शिक्षिका सांगेल आणि ते योग्यच आहे, कारण मात्रा बदलली तरी पट्टी जागची हलत नाही आणि उद्या तीच फसवू शकते. पण त्या पहाटे त्या पट्टीने माझा हात धरला. एवढ्या बारक्या बाळासाठी ड्रॉपर चार वेळा का भरायचा, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता, तो तेव्हा पडला. औषध तयार करणारे लोक ड्रॉपर बनवतात तो नेहमीचा डोस त्यात एकदा मावेल अशाच बेताने. एका डोससाठी ड्रॉपर दुसऱ्यांदा बुडवावा लागला, किंवा एका इंजेक्शनसाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल फोडावे लागले, तर तिथेच थांबायचे, ही गोष्ट मी नव्या मुलींना स्वतः सांगत आले होते.

मी बाटली उजेडात धरली. पाच दिवस बाटली वापरात होती, रोज दोन याप्रमाणे दहा डोस झाले होते, आणि तरीही औषध जवळपास खांद्यापर्यंत होते. दहा डोस प्रत्येकी ०.४ मिलीचे धरले तर संपलेले औषध होते चार मिली. म्हणजे पाच दिवसांत, दहा वेळा मिळून, बाळाच्या पोटात जेवढे गेले होते, तेवढे सगळे मी एका घोटात पाजायला निघाले होते.

मापातले औषध मी तसेच ट्रेवर ठेवले, त्यावर झाकण घातले आणि नव्या कागदावर हिशेब सुरुवातीपासून मांडला. या वयाच्या बाळाला डिगॉक्सिन दिवसाला किलोमागे साधारण दहा मायक्रोग्रॅम. चार किलोंना चाळीस. दोन भागांत वाटले की एका वेळी वीस मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणून वीस म्हणजे ०.०२ मिलिग्रॅम, आणि त्या बाटलीतून ते भरते ०.४ मिली. शीटवरचे ०.२ मिलिग्रॅम म्हणजे दोनशे मायक्रोग्रॅम, बरोबर दसपट. मोठ्या माणसांची नेहमीची गोळी अडीचशे मायक्रोग्रॅमची असते आणि पुष्कळांना दिवसाला तिची अर्धीच पुरते. हे चार किलोचे बाळ दिवसाला चारशे घेणार होते.

मग मी फाइल उलटी करून जुनी शीट शोधली. ती क्ष-किरणांच्या रिपोर्टमागे गेली होती. तिच्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांच्या अक्षरात लिहिले होते, .०२ मिलिग्रॅम. टिंबाच्या आधी शून्य नव्हते.

त्या दोन कागदांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. जुन्या कागदावर टिंब, शून्य, दोन. नव्या कागदावर शून्य, टिंब, दोन. तीच तीन चिन्हे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फक्त टिंबाने शून्यावरून उडी मारली होती. आणि ती का मारली असावी, हेही तिथेच दिसत होते. टिंबाआधी शून्य लिहायचेच, कारण नुसते टिंब रेघेवर पडले किंवा फिके उमटले की .२ चे २ होतात, हा नियम आजकाल सगळ्या निवासी डॉक्टरांना शिकवतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून जे लिहिणे वर्ज्य केले आहे, त्यातही टिंबाआधी शून्य नसणे आणि पूर्णांकामागे टिंब देऊन उगाच शून्य लावणे, या दोन्ही गोष्टी आहेत. नव्या डॉक्टरांना हा नियम ठाऊक होता. त्यांच्या डोळ्यांना शून्य दिसले, दोन दिसला, टिंब दिसले, आणि हाताने शून्य सवयीप्रमाणे टिंबाच्या आधी नेऊन ठेवले. निष्काळजीपणाने लिहिलेल्या आकड्यावर एका काळजीपूर्वक लिहिणाऱ्या हाताने संस्कार केला आणि त्यातून ही चूक जन्मली. म्हणूनच ती इतकी नीटनेटकी दिसत होती. गिचमिड अक्षर असते तर मी एव्हाना फोन केला असता.

फोन मी आता केला. डॉक्टर ड्युटी रूममध्ये नुकतेच आडवे झाले असावेत.

"डॉक्टर, अकरा नंबरच्या बाळाचं डिगॉक्सिन किती द्यायचं आहे?"

"जे चालू आहे तेच, सिस्टर. कंटिन्यू करा."

"आकडा सांगता का?"

"पॉइंट… झिरो टू. शीटवर आहे ना लिहिलेलं."

"शीटवर वेगळं आहे. तुम्ही खाली येऊन बघा, तोवर मी डोस थांबवते."

या फोनवर मी मुद्दामच 'पॉइंट टू आहे ना?' असे विचारले नाही. झोपेतल्या माणसाला होकारार्थी प्रश्न विचारला की उत्तर बहुधा 'हो' असेच येते. आणि आकडा त्यांच्या तोंडून आला तेव्हाही 'झिरो' हा शब्द जांभईत निम्मा बुडाला होता. पंखा जोरात असता, शेजारच्या खाटेवरचे मूल रडत असते, तर मला 'पॉइंट टू'च ऐकू आले असते आणि मी समाधानाने फोन ठेवला असता.

तेव्हापासून एक विचार माझ्या मनातून गेलेला नाही. आम्ही मराठी शाळेत शिकलो तेव्हा आमच्या बाई हे आकडे असे वाचूच देत नसत. ०.२ म्हणजे शून्य पूर्णांक दोन दशांश. ०.०२ म्हणजे शून्य पूर्णांक दोन शतांश. ०.०२५ असेल तर पंचवीस सहस्रांश. वाचताना कोणी अडखळले तर त्या रुपयांवर आणत, दोन दशांश रुपया म्हणजे वीस पैसे आणि दोन शतांश रुपया म्हणजे दोन पैसे, आता सांग कोणते हवेत. या वाचनात अंकाचे नाव सांगताना त्याचे घरही सांगावे लागते. इंग्रजी पद्धतीत शून्य हा नुसता एक आवाज असतो, तो गळला तर मागे राहणारा आकडाही खरा आणि शहाणा वाटतो. मराठीत शतांशाचा दशांश व्हायला सबंध शब्दच बदलावा लागतो. वॉर्डात आम्ही सगळे 'पॉइंट'वर आलो, कारण शीट इंग्रजीत, बाटली इंग्रजीत, शिक्षण इंग्रजीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोनवर मात्रा परत वाचून दाखवताना मी आता शेवटी एकदा मराठीत घर सांगते. सुरुवातीला नवे डॉक्टर गोंधळतात, आणि तो गोंधळ मला हवाच असतो, कारण त्या क्षणी ते आकड्याकडे पुन्हा पाहतात.

डॉक्टर पाच मिनिटांत आले. डोळे लाल, केस विस्कटलेले, पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला. आदल्या सकाळपासून ते ड्युटीवर होते. मी दोन्ही शीट त्यांच्यासमोर ठेवल्या आणि काही बोलले नाही. त्यांनी आधी नवी वाचली, मग जुनी, मग वजन पाहिले, आणि समासात स्वतः हिशेब केला. हिशेब संपायच्या आधीच त्यांचा पेन थांबला.

"दिलं का?" त्यांनी विचारले. आवाज फुटत नव्हता.

"नाही. मापात आहे."

ते बाळाच्या खाटेच्या कठड्याला धरून क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला तारीख, वेळ आणि सही केली. आकड्यात आकडा गिरवून दुरुस्ती करायची नसते, कारण गिरवलेला आकडा तिसऱ्याच कोणाला तिसराच वाटू शकतो. खाली नवी नोंद लिहिताना मी त्यांना म्हटले, "डॉक्टर, टिंबच नको. मायक्रोग्रॅममध्ये लिहा." त्यांनी २० लिहून पुढे मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण अक्षरांत लिहिला आणि त्यापुढे औषधाचे माप, ०.४ मिली. हा शब्द पूर्ण लिहिण्यालाही कारण आहे. मायक्रोग्रॅमचे जे शेपटीवाले ग्रीक चिन्ह असते, ते घाईत लिहिले की मिलिग्रॅमच्या चिन्हासारखे दिसते, आणि तिथे चूक दसपटीची नसते, हजारपटीची असते.

धाकटी सिस्टर हे सगळे पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. "मी हो म्हटलं होतं, सिस्टर," ती म्हणाली. मी तिला जुनी शीट दाखवली नाही, माझा हिशेबही दाखवला नाही, फक्त वजन आणि बाटली दिली. तिने कोऱ्या कागदावर मांडून उत्तर काढले, ०.४. मग आम्ही दोघींनी कागद शेजारी ठेवले.

मापातले औषध टाकून दिले आणि ड्रॉपर पांढऱ्या पट्टीपर्यंत भरला. पट्टी मात्र मी नंतर सोडवून टाकली. बाळाची आई जागी झाली होती. तिने बाळाला मांडीवर तिरके घेतले, हनुवटी जराशी दाबली, आणि मी गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडले. बाळाने तोंड वेडेवाकडे केले आणि गिळले.

"आज उशीर झाला, सिस्टर?" तिने विचारले.

"औषधाचा हिशेब परत करून बघत होते," मी म्हटले. ते खोटे नव्हते. पण पाच दिवस ती प्रत्येक डोस डोळ्यांत तेल घालून पाहत होती आणि नळीत किती भरतात हे तिला माझ्यापेक्षा आधी ठाऊक होते. तिला सगळे सांगायला हवे होते, असे मला आता वाटते. तिला कळले असते तर संध्याकाळच्या डोसला आणखी दोन डोळे पहाऱ्यावर राहिले असते.

डोस गेला असता तर काय झाले असते, हे मी तेव्हा मनात येऊ दिले नाही, बसमध्ये बसल्यावर ते आले. तोंडावाटे दिलेल्या डिगॉक्सिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही तास जातात. आठला मी ओव्हर देऊन निघाले असते आणि दुपारी घरी पडदे लावून झोपले असते, तेव्हा बाळाने उलटी केली असती. तान्ही बाळे दूध ओकतातच. ते अंगावर पीत नाही, मलूल आहे, असे आईने सांगितले असते, आणि थकलेल्या हृदयाचीही हीच लक्षणे असल्यामुळे कोणाला वाटले असते की आजारच बळावतो आहे. ठोके मंदावले असते, हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला ताल तुटला असता. डिगॉक्सिनला धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचे उताऱ्याचे इंजेक्शन आहे, पण आमच्या औषधपेटीत ते नव्हते. आणि संध्याकाळी सहाला त्याच स्वच्छ अक्षरातल्या शीटवरून दुसऱ्या सिस्टरने पुन्हा भागाकार केला असता, आणि तोही बरोबरच आला असता.

सकाळी ओव्हर देताना मी ही हकीकत वॉर्डाच्या वहीत लिहायला घेतली, तेव्हा इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "अगं, झालं नाही ना काही? मग त्या पोराच्या मागे कशाला लावतेस?" त्या वाईट मनाने बोलत नव्हत्या. लिहिलेली नोंद चौकशीला जाते आणि चौकशीत सर्वांत आधी माणूस सापडतो, हे त्यांनी पंचवीस वर्षे पाहिले होते. मी डॉक्टरांचे नाव लिहिले नाही, माझेही लिहिले नाही. जुन्या शीटवर काय होते, नव्या शीटवर काय झाले आणि ड्रॉपर दुसऱ्यांदा भरताना ते कसे लक्षात आले, एवढे लिहिले. इन्चार्ज सिस्टरांनी ते उभ्याउभ्या वाचले, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचले. नंतर काही न बोलता त्या उठल्या आणि वॉर्डातल्या प्रत्येक बाळाची ट्रीटमेंट शीट टेबलावर मागवली. तीन शीटवर टिंबाआधी शून्य नव्हते.

दिवसपाळीची सिस्टर माझ्याकडून ओव्हर घ्यायला उभी होती. अकरा नंबरवर आलो तेव्हा मी सांगितले, "डिगॉक्सिन सहा वीसला दिलं आहे. ठोके एकशे अडतीस. वीस मायक्रोग्रॅम, शून्य पूर्णांक दोन शतांश मिलिग्रॅम."

तिने मान वर करून विचारले, "म्हणजे किती मिली?"

मी बाटली तिच्या हातात दिली, वजन सांगितले आणि म्हटले, "तूच काढून सांग."